भुरभुरते केस आणि साधी पाटी

आपल्या गटाच्या मेतकुटाच्या पाकिटावर गटातल्या आजींचा फोटो टाकायचा ठरला. आजींचे केस पांढरे, कानाजवळ आणि कपाळावर भुरभुरणारे. मागची भिंत काढून गडद मरून रंगाची पाटी ठेवायची. बऱ्याच लेबलांवर असा कापलेला माणूस कात्रीने कापल्यासारखा दिसतो, डोक्याभोवती टोपी घातल्यासारखी कड येते. ती का येते आणि कशी टाळायची, तेवढंच आज बघू.

फोटो म्हणजे बारीक बारीक रंगीत चौकोन. सुटा केस त्या एका चौकोनापेक्षाही बारीक असतो. म्हणून त्या चौकोनात थोडा केसाचा रंग आणि थोडा मागच्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो. चौकोन पूर्ण ठेवला तर भिंतीचा रंग सोबत येतो, पूर्ण काढला तर केस जातो. त्यामुळे केसाची कड कापायची नसते, तर थोडी थोडी पारदर्शक करायची असते.

अर्धं काम फोटो काढतानाच होतं. पांढरे केस पांढऱ्या भिंतीपुढे दिसतच नाहीत, आणि जे फोटोत नाही ते नंतर कुठूनही आणता येत नाही. म्हणून आजींना सकाळी दाराच्या उंबरठ्याजवळ बसवा, तोंड अंगणाकडे. चेहऱ्यावर सावलीतला मऊ उजेड पडतो आणि पाठीमागे अंधारी खोली राहते. खोलीतला दिवा बंद ठेवा. काळ्याभोर केसांसाठी उलट करा: फिकी भिंत घ्या आणि माणसाला तिच्यापासून चार-पाच फूट पुढे बसवा, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. हिरवी ताडपत्री मागे नको, तिची हिरवी झाक केसांवर येते.

आता संगणकावर. GIMP हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. फोटो फार मोठा असेल तर आधी आकार लहान करा, नाहीतर पुढची पायरी फार वेळ घेते. मग Foreground Select हे साधन घ्या. माणसाभोवती मोकळी रेघ ओढा, सुट्या केसांच्याही बाहेरून, आणि Enter दाबा. आता Draw foreground ठेवून चेहरा, साडी आणि डोक्याचा दाट भाग ब्रशने रंगवा. भुरभुरत्या केसांना हात लावू नका, ते तसेच राहू द्या. हा न रंगवलेला भाग म्हणजे "इथं काय आहे ते तूच ठरव" असं प्रोग्रामला सांगणं. उत्साहाने केसांच्या टोकांपर्यंत रंगवलं तर मधली अंधारी खोलीही केसांसोबत येते. कानातल्याच्या आत किंवा हाताच्या बेचक्यात मागची जागा दिसत असेल, तर तेवढी Draw background ने रंगवा. मग Preview mask वर खूण करून बघा, पटलं की Select दाबा.

आता Layer → Mask → Add Layer Mask मध्ये Selection निवडा. हा मास्क म्हणजे चाळणी समजा: पांढरा भाग दिसतो, काळा लपतो, राखाडी अर्धवट दिसतो. मूळ फोटो शाबूत राहतो. नंतर Select → None करा आणि खाली मरून रंगाचा नवा लेअर ठेवा.

पारखायचं कसं? फोटो मोठा करून डोक्याभोवती फिरा. खालचा लेअर क्षणभर पिवळा करून बघा. गडद जागी न दिसलेली काळपट कड पिवळ्यावर लगेच दिसते. ती खोलीच्या अंधाराची. मरून पाटीवर ती बहुतेक लपते, म्हणूनच मूळ पार्श्वभूमीसारखाच गडद रंग निवडला. पिवळंच लेबल हवं असेल तर कड पुसू नका, पुसली की केस तुटतात. मास्कच्या शेजारी फोटोचं छोटं चित्र दिसतं, त्याच्यावर टिचकी मारा. Ctrl दाबून आजींच्या केसांतला चंदेरी रंग उचला आणि मऊ ब्रशने फक्त त्या कडेवर फिरवा. केसांचा आकार मास्कमध्ये जपलेला असतो, त्यामुळे रंग बदलतो, केस तसाच राहतो.

शेवटी File → Export As मधून नावापुढे .png लावून साठवा, पण त्याआधी खालचा रंगीत लेअर लपवा. म्हणजे पारदर्शकपणा टिकतो आणि तोच फोटो पुढच्या लेबलावर चालतो. .jpg मध्ये पारदर्शक जागा भरून येते. मात्र मूळ फोटोच हललेला किंवा धूसर असेल, तर तासभर बसूनही केस सुटे होणार नाहीत. तेव्हा उंबरठ्यावर पुन्हा एकदा फोटो काढणं सोपं.