दोन दृश्यांतून तिसरे दृश्य : कोठे उत्तर निश्चित, कोठे संदिग्ध

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात ड्रॉइंगच्या तासाला विद्यार्थ्यांना हमखास भेटणारा प्रश्न म्हणजे ‘मिसिंग व्ह्यू’. यंत्राच्या एखाद्या भागाची दोन दृश्ये छापलेली असतात आणि तिसरे काढायचे असते. सोलापुरातील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी असो वा तंत्रनिकेतनातील, या प्रश्नापाशी अनेकांची पेन्सिल अडखळते. वस्तू डोळ्यांसमोर येत नाही, ही नेहमीची तक्रार. प्रत्यक्षात उत्तराचा बराचसा भाग कल्पनाशक्तीवाचून, केवळ नियमाने काढता येतो. मात्र काही ठिकाणी नियम संपतो आणि दिलेली दोन दृश्ये एकाहून अधिक वस्तूंना सारखीच लागू पडतात. ही सीमारेषा कोठे आहे, हे समजले की निम्मी अडचण दूर होते.

या पद्धतीचा पाया फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज याने अठराव्या शतकात घातला. मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत किल्ल्यांच्या आराखड्यांचे काम करताना त्याला ती सुचली. लष्करी महत्त्वामुळे ती बराच काळ गुप्त राखली गेली आणि १७९५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली. तत्त्व साधे आहे. वस्तूवरील प्रत्येक बिंदूला तीन मापे असतात : लांबी, रुंदी आणि उंची. समोरून पाहिले असता लांबी व उंची कळते, वरून पाहिले असता लांबी व रुंदी कळते. बाजूने पाहिले असता रुंदी व उंची दिसते आणि ही दोन्ही मापे आधीच्या दृश्यांत स्वतंत्रपणे आलेलीच असतात. उंची पहिल्यातून आणि रुंदी दुसऱ्यातून घ्यायची, एवढेच तिसऱ्या दृश्याचे काम आहे.

कागदावरची जागा

भारतात भारतीय मानक ब्युरोच्या ‘एसपी ४६’ या मार्गदर्शिकेनुसार फर्स्ट अँगल पद्धत शिकवली जाते. तीत वस्तू ही पाहणारा आणि कागद यांच्यामध्ये आहे असे मानतात. त्यामुळे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते आणि डावीकडून दिसणारे दृश्य उजव्या हाताला येते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या थर्ड अँगल पद्धतीत हे नेमके उलट असते. परदेशी पुस्तकातील आकृती पाहून उत्तर काढणाऱ्याची पहिली चूक येथेच होते : दृश्य बरोबर, जागा चुकीची.

यातून आणखी एक गोष्ट निघते. फर्स्ट अँगलमध्ये खालच्या दृश्याची वरची कड ही वस्तूची मागची बाजू असते आणि खालची कड पुढची. डावीकडून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला वस्तूची पुढची बाजू येते. म्हणून डावीकडच्या दृश्यात उजवी कड म्हणजे वस्तूचा पुढचा भाग. हे मनाशी पक्के नसेल, तर पुढचे छिद्र मागे जाते.

एक ब्रॅकेट

वाचकांनी आलेख कागद आणि पेन्सिल घेऊन पुढील उदाहरण करून पाहावे. यंत्रमागाच्या सांगाड्यावर बसवून वर एक आडवा दांडा पेलणारा, ओतीव लोखंडाचा छोटा ब्रॅकेट कल्पावा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांची संख्या मोठी आहे, त्यामुळे अशा धाटणीचे भाग येथील दुरुस्ती कारागिरांना अनोळखी नाहीत. मापे मात्र केवळ उदाहरणासाठी घेतली आहेत आणि सर्व मिलिमीटरमध्ये आहेत.

समोरच्या दृश्यात इंग्रजी एल अक्षरासारखी आकृती आहे. तळ ८० लांब व १५ उंच. डाव्या टोकाला २० जाडीची उभी भिंत असून तिची तळापासून उंची ५०. आकृतीच्या आत एकही ठळक रेषा नाही, तुटक रेषा मात्र तीन आहेत. भिंतीत ४२ उंचीवर एक आडवी, आणि तळात डाव्या कडेपासून ४० व ६० अंतरावर दोन उभ्या, खालपासून वरपर्यंत गेलेल्या.

वरच्या दृश्यात ८० बाय ४० चा आयत आहे. डावीकडून २० अंतरावर एक उभी रेषा त्याला छेदते. तिच्या डावीकडील पट्टीत दोन आडव्या रेषा आहेत, पुढच्या कडेपासून १२ व २८ अंतरावर. उजवीकडील मोठ्या भागात २० व्यासाचे वर्तुळ आहे. त्याचे केंद्र डाव्या कडेपासून ५० आणि पुढच्या कडेपासून १५ अंतरावर आहे.

आता एक नियम लक्षात घ्यावा. एकाच दृश्यात दोन क्षेत्रांच्या मध्ये ठळक रेषा असेल, तर ती दोन क्षेत्रे एकाच पातळीत सलग असू शकत नाहीत. सलग असती, तर रेषेचे कारणच उरले नसते. वरच्या दृश्यातील प्रत्येक क्षेत्राला म्हणूनच ‘तुझी उंची किती?’ असा प्रश्न विचारायचा आणि उत्तर समोरच्या दृश्यात शोधायचे.

उजवीकडील मोठ्या क्षेत्राची उंची १५ आहे, हे एल आकारावरून उघड आहे. डाव्या पट्टीचे तीन तुकडे पडतात. पुढचा व मागचा तुकडा ५० उंचीवर आहेत, कारण समोरून भिंत अखंड दिसते. मधला तुकडा त्यांच्या पातळीत असू शकत नाही. समोरून न दिसणारी ४२ उंचीवरची तुटक रेषा त्याचीच. म्हणजे भिंतीच्या माथ्यावर १६ रुंद व ८ खोल अशी खाच आहे. वर्तुळाशी जुळणाऱ्या दोन उभ्या तुटक रेषा तळाच्या पूर्ण जाडीतून जातात, म्हणजे ते आरपार छिद्र आहे.

तिसरे दृश्य

आता डावीकडचे दृश्य काढायचे. समोरच्या दृश्यातून उजवीकडे १५, ४२ व ५० उंचीच्या पुसट आडव्या रेषा न्याव्यात. वरच्या दृश्यातील रुंदीची मापे ४५ अंशांच्या तिरप्या रेषेवरून वळवून वर न्यावीत किंवा डिव्हायडरने उचलावीत. बाह्याकृती ४० रुंद व ५० उंच मिळते. माथ्यावर पुढच्या, म्हणजे उजव्या कडेपासून १२ ते २८ या अंतरात खाच येते. तिचा तळ ४२ वर.

तळाची १५ उंचीवरील कड डावीकडून पाहणाऱ्याला दिसत नाही, कारण भिंत आड येते. ती पूर्ण रुंदीभर तुटक काढावी लागते. उत्तरपत्रिकेत सर्वाधिक चुका याच रेषेच्या होतात. कोणी ती ठळक काढतो, तर कोणी दिसत नाही म्हणून गाळतो. ठळक रेषा ही उजवीकडून पाहिल्याची खूण आहे. छिद्राच्या दोन तुटक रेषा तळापासून १५ पर्यंत येतात, उजव्या कडेपासून ५ व २५ अंतरावर. छिद्र उजव्या कडेकडे झुकलेले दिसले पाहिजे. ते डावीकडे झुकले असेल, तर पुढची व मागची बाजू उलटली, हे लगेच ओळखता येते.

नियम येथे संपतो

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. खाच चौकोनी आहे, असे वर गृहीत धरले. ती अर्धवर्तुळाकार असेल तर? आठ त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची रुंदी १६ आणि खोली ८ भरते. वरून पाहिले तर तिच्या फक्त दोन कडा दिसतील, १२ व २८ वर. गोलाईच्या तळाशी धार नसल्याने तेथे रेषा येणार नाही. समोरून पाहिले तर तिच्या सर्वांत खोल भागाची तुटक रेषा ४२ वरच येईल. दोन्ही दृश्ये चौकोनी खाचेच्या दृश्यांसारखीच, रेषा न् रेषा तीच. फरक पडतो तो केवळ तिसऱ्या दृश्यात : एकात सपाट तळ, दुसऱ्यात कमान.

इंग्रजी व्ही आकाराची खाच मात्र या दोन दृश्यांत बसत नाही. तिच्या तळाला धार असते आणि ती वरच्या दृश्यात बरोबर मध्ये, २० वर, तिसरी रेषा म्हणून उमटली असती. म्हणजे दोन दृश्ये काही शक्यता निश्चितपणे बाद करतात, पण सर्व बाद करीत नाहीत. याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे समोरून आणि वरून रिकामा चौरस दिसणारी वस्तू. ती घन असू शकते, लांबी व व्यास सारखे असलेला आडवा दंडगोल असू शकतो किंवा पुढे उतरत्या पृष्ठाची पाचरही. बाजूने पाहिले की अनुक्रमे चौरस, वर्तुळ आणि त्रिकोण दिसतो.

ब्रॅकेटच्या बाबतीत हा फरक कागदापुरता राहत नाही. खाचेत १६ व्यासाचा दांडा ठेवायचा असेल, तर अर्धवर्तुळाकार खाच त्याला अर्ध्या परिघावर टेकू देते. चौकोनी खाचेत तोच दांडा तळाशी एका रेषेवर आणि वरच्या दोन कडांना टेकतो. दांडा फिरता असेल, तर झीज त्या अरुंद पट्ट्यांवर एकवटते. फाउंड्रीतील पॅटर्न आणि मशीनवरील कटरही दोन्हींसाठी वेगळे लागतात. चुकीच्या समजावर केलेले ओतीव काम अशा वेळी भंगारात जाते.

मग विद्यार्थ्याने काय करावे? प्रथम वरच्या दृश्यात खाचेच्या मधोमध लांब-आखूड तुकड्यांची बारीक मध्यरेषा आहे का, ते पाहावे. गोलाईचा अक्ष दाखवण्यासाठी ती काढतात. पण सममिती दाखवण्यासाठीही तीच रेषा वापरली जाते, म्हणून ती इशारा ठरते, पुरावा नव्हे. खरा पुरावा मापात असतो : त्रिज्येचे ‘आर’ किंवा व्यासाचे चिन्ह दिलेले असेल, तर शंकाच उरत नाही. दोन्ही नसेल, तर सपाट तळ हे सर्वांत साधे वाचन धरून उत्तर काढावे आणि ते गृहीतक शीटवर एका ओळीत लिहावे. दिलेल्या दोन्ही दृश्यांशी जुळणारे दुसरे उत्तर चूक ठरवण्याचा आधार परीक्षकाकडेही नसतो.

उत्तर तपासण्याची रीत उलट दिशेची आहे. काढलेल्या तिसऱ्या दृश्यातील प्रत्येक रेषेवर बोट ठेवून तिची उंची समोरच्या दृश्यात आणि रुंदी वरच्या दृश्यात सापडते का, ते पाहावे. सापडली नाही, तर ती रेषा जास्तीची आहे. त्यानंतर दिलेल्या दृश्यांतील प्रत्येक क्षेत्र तिसऱ्यात कोठे गेले, ते शोधावे. सापडले नाही, तर रेषा राहून गेली आहे. ब्रॅकेटच्या खाचेसारखी संदिग्धता मात्र या तपासणीत कधीच उघड होत नाही, कारण दोन्ही उत्तरे तिच्यातून निर्दोष पार पडतात. तिचा निकाल मापाने किंवा आराखडा काढणाऱ्याला विचारूनच लागतो.