लॅपटॉपला वीस हजार जास्त मोजायचे, ते कशाचे?

गटाच्या पैशातून लॅपटॉप घ्यायचा ठरला की दुकानात एकच कोडं समोर येतं. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेले. आतला प्रोसेसर तोच, मेमरी तेवढीच, पडदाही तेवढाच. एक बेचाळीस हजारांचा, दुसरा बासष्ट हजारांचा. महागडा दिसायला उलट साधा, काळा नाहीतर करडा. मग वरचे वीस हजार कशाचे? आज आपण तेवढंच बघणार आहोत.

स्वस्तातला असतो घरगुती वापराचा. लेनोव्होचा आयडियापॅड हे त्यातलं नाव; डेलचा इन्स्पिरॉन, एचपीचा पॅव्हेलियन ही त्यातली जुनी नावं. महाग असतो तो कचेऱ्यांसाठी बनवलेला. लेनोव्होचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक; डेलचा लॅटिट्यूड हे त्यातलं जुनं नाव. म्हणजे कंपनी तीच, पण घराणी दोन. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, जास्त पैसे दिल्याने लॅपटॉप जास्त वेगात चालत नाही. हिशेबाची शीट दोन्हींवर सारखीच उघडते.

फरक कळतो तो बिजागरीत. घराच्या दाराची बिजागरी लाकडात घट्ट बसलेली असते, तशी लॅपटॉपच्या झाकणाची बिजागरीही कशात तरी बसलेली असते. बिजागरी लोखंडाचीच, पण स्वस्त लॅपटॉपमध्ये तिचे स्क्रू ज्या बारक्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. झाकण दिवसातून दहादा उघडलं, त्यातही एका कोपऱ्याला धरून उघडलं, की सगळा पीळ त्या प्लास्टिकवर येतो. दोन-अडीच वर्षांत प्लास्टिकला चीर जाते आणि नट उपटून येतो. आधी झाकण उघडताना कट्‌कट् वाजतं, मग कोपऱ्याशी फट दिसते. फट दिसली की वापर थांबवा, कारण तसंच ओढत राहिलं तर पडद्याची काच किंवा पडद्याकडे जाणारी वायर तुटते आणि खर्च दुप्पट होतो.

आमच्या ओळखीच्या एका गटाचं हेच झालं. लॅपटॉप नऊ बायांच्या हातात फिरायचा, आज या पाड्यावर, उद्या त्या. वॉरंटी एक वर्षाची होती, बिजागरी गेली तिसऱ्या वर्षी. कचेरीच्या लॅपटॉपमध्ये हीच बिजागरी बहुतेक धातूच्या सांगाड्याला किंवा जाड पट्टीला जोडलेली असते. तो कधी मोडतच नाही असं नाही, पण रोजच्या उघडझापीचा ताण प्लास्टिकवर येत नाही.

दुकानात हे बघायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. झाकण अर्धं उघडा, एकाच कोपऱ्याला धरून हलकेच हलवा. सगळं झाकण पिळवटतंय का बघा. मग कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा. पत्र्याच्या डब्यासारखं खाली दबलं तर आत आधार कमी आहे असं समजा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

दुसरी गोष्ट चहाची. गटाच्या बैठकीत चहा असतोच. थिंकपॅडसारख्या बऱ्याच कचेरीच्या लॅपटॉपमध्ये कीबोर्डखाली पन्हळीसारखी सोय असते आणि सांडलेलं पाणी तळाच्या भोकांतून खाली निघून जातं. घरगुती लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ते सरळ मदरबोर्डवर जातं. पण ही सोय कपभर पाण्यासाठी आहे, बादलीसाठी नाही. आणि साखरेचा चहा पाण्यापेक्षा वाईट, कारण वाळल्यावर तो आत चिकटून बसतो. सांडलं की आधी चार्जर काढा, मग लॅपटॉपचं बटण दाबून धरून तो बंद करा. 'चालतोय का बघू' म्हणून लगेच सुरू करू नका. पाण्यापेक्षा ओल्या लॅपटॉपमध्ये सोडलेल्या विजेनेच जास्त मदरबोर्ड जळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुरुस्ती. आमच्या मते त्या वीस हजारांतला मोठा वाटा इथेच जातो. घरगुती लॅपटॉपची वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते आणि बऱ्याचदा 'कॅरी-इन', म्हणजे लॅपटॉप आपण उचलून सेवा केंद्रात न्यायचा. खडवलीच्या बाईला हे किती पडतं बघा. कसाऱ्याच्या मोजक्या गाड्यांतली एक पकडायची, टिटवाळा, आंबिवली, शहाड करत कल्याण गाठायचं, पुढे रिक्षा. लॅपटॉप ठेवून यायचं, भाग आला की परत जायचं. दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि मधले आठ-पंधरा दिवस गटाचं काम वहीवर.

कचेरीच्या लॅपटॉपला बरेचदा तीन वर्षांची 'ऑनसाइट' वॉरंटी मिळते. फोनवर तपासणी होते आणि गरज असेल तर माणूस भाग घेऊन आपल्या दारात येतो. जाहिरातीत 'पुढच्या कामाच्या दिवशी' असं लिहिलेलं असतं. पण ते शहराचं गणित आहे. गाव लांबचं असेल तर दोन-चार दिवस जास्त लागू शकतात, काही पिनकोडला घरी येण्याची सोयच नसते. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला आपला पिनकोड सांगून विचारा. दुकानदाराच्या 'येतो ना ताई, येतो' वर जाऊ नका. आणि कचेरीचा लॅपटॉप म्हणजे तीन वर्षं आलीच, असंही धरू नका. स्वस्तात दिलेल्या कचेरीच्या मॉडेललाही कधी कधी एकच वर्ष असतं. पडून फुटलं, पाणी गेलं, हे तर साध्या वॉरंटीत कुठेच बसत नाही. त्याचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं.

आता हिशेब मांडू. वीस हजार जास्त दिले आणि लॅपटॉप पाच वर्षं चालला, तर वर्षाला चार हजार, महिन्याला साधारण तीनशे तेहतीस. दहा जणींच्या गटात प्रत्येकीवर महिन्याला तेहतीस रुपये. समोरच्या पारड्यात टाका एकदा मोडलेली बिजागरी, कल्याणच्या खेपा आणि बंद पडलेलं काम. लॅपटॉप पिशवीतून पाड्यापाड्यांवर फिरणार असेल आणि पाच-सहा जणी तो वापरणार असतील, तर आम्ही कचेरीचाच घ्या म्हणू. पण तो एकाच घरी, एकाच टेबलावर, एकाच ताईच्या हाताखाली राहणार असेल, तर बेचाळीस हजारांचा घ्या आणि कंपनीकडूनच वॉरंटी वाढवून ऑनसाइट करून घ्या. ती सोय बहुतेक घरगुती मॉडेलनाही पैसे भरून मिळते आणि वीस हजारांपेक्षा बरीच कमी पडते. मात्र ती खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच घेता येते.

एक तिसरी वाटही आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात आणि तेच थिंकपॅड, लॅटिट्यूड दुरुस्त करून निम्म्याहून कमी किमतीत विकले जातात. मुंबईतला लॅमिंग्टन रोड त्यासाठी ओळखीचा. सांगाडा मजबूत मिळतो, बॅटरी मात्र थकलेली असते, ती बदलण्याचे पैसे बाजूला ठेवा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे ना, हेही विचारा. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याहून जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ रीतसर चढत नाही.

कुठलाही घेतलात तरी बिल गटाच्या नावाने करा आणि त्यावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्या. तो तळाच्या स्टिकरवर असतो. दुकानातच मोबाइलवर कंपनीच्या साइटला तो टाकून वॉरंटी कुठल्या तारखेला संपते ते बघा. कधी कधी वॉरंटी कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजलेली असते आणि आपले तीन-चार महिने दुकानातच संपलेले असतात. तसं दिसलं तर बिल दाखवून कंपनीकडून तारीख दुरुस्त करून घेता येते. हे काम पहिल्याच आठवड्यात उरका.