‘आज चढतच नाही’ असं वाटतं तेव्हा

समजा, पुण्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या तरुणाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार आहे. त्यासाठी तो रोज सकाळी मेथिलफेनिडेटची ३६ मिलिग्रॅमची, दिवसभर हळूहळू काम करणारी गोळी घेतो. रविवारी उशिरा उठल्यामुळे गोळी दुपारी बारा वाजता पोटात गेली. रात्री आठला मित्रांची बैठक बसली. एरवी दोन लार्ज पेगनंतर त्याला झोप येऊ लागते. आज तिसरा संपला तरी तो ताजातवाना होता, म्हणून चौथा भरला गेला. अकरा वाजता तो म्हणाला, “आज चढतच नाही रे,” आणि त्याने बाइकची किल्ली उचलली.

आता हिशेब करू. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम, आणि चार पेगमध्ये ८०. यकृताने तीन तासांत जेवढं निपटलं तेवढं वजा केलं, तरी या तरुणाच्या १०० मिलिलिटर रक्तात अंदाजे १२० मिलिग्रॅम अल्कोहोल उरतं. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० आहे. मर्यादेच्या चौपट दारू अंगात असताना त्याला आपण शुद्धीत आहोत असं वाटतंय.

याचं कारण असं की दारू मेंदूवर दोन प्रकारे परिणाम करते. ती सुस्ती आणते आणि त्याच वेळी अंदाज, तोल, प्रतिसादाचा वेग बिघडवते. आपल्याला जाणवते ती मुख्यतः सुस्ती, आणि तिच्यावरूनच आपण ‘आता पुरे’ असं ठरवतो. मेथिलफेनिडेट मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन ही रसायनं जास्त वेळ टिकवून ठेवतं, त्यामुळे सुस्ती मागे हटते. पण बिघडलेला अंदाज त्यामुळे सुधारेल याची काही खात्री नाही, आणि रक्तातली दारू तर एका थेंबानेही कमी होत नाही. यालाच झाकलेली नशा म्हणता येईल.

हा पडदा कधीतरी उठतो. अशा गोळीचा असर साधारण बारा तास राहतो, म्हणजे या तरुणाच्या बाबतीत मध्यरात्रीपर्यंत. दारू मात्र तासाला जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या गतीने उतरते, म्हणजे पूर्ण उतरायला सकाळचे सात वाजणार. मधल्या वेळात गोळी ओसरते आणि दबलेली गुंगी जाणवू लागते, कदाचित बाइक रस्त्यावर असतानाच.

यकृतातही एक गोष्ट घडते. मेथिलफेनिडेट निष्क्रिय करणाऱ्या यकृतातल्या विकराच्या कामात अल्कोहोल अडथळा आणतं. त्यामुळे रक्तातली औषधाची पातळी वाढते, आणि थोड्या औषधाचं इथिलफेनिडेट नावाचं नवंच द्रव्य तयार होतं. शिवाय काही दीर्घकाळ चालणाऱ्या कॅप्सूलमधलं औषध अल्कोहोलमुळे एकदम मोकळं होऊ शकतं. डोस तोच असला तरी शरीराला तो मोठा पडतो.

त्याचा भार हृदयावर येतो. औषध एकटं असताना नाडी आणि रक्तदाब सहसा थोडेच वाढतात. दारूही नाडी वाढवते आणि जास्त झाल्यास ठोक्यांची लय बिघडवू शकते. त्यात लघवीवाटे पाणी जातं, वर नाच, उकाडा, एनर्जी ड्रिंक. धडधाकट माणसाला बहुधा धडधड जाणवून भागेल. पण रक्तदाब, हृदयाच्या लयीचा जुना त्रास किंवा जन्मजात दोष असेल, तर धोका खरा आहे. अनेकांना असा दोष असल्याचं माहीतही नसतं.

म्हणून औषध चालू असताना दारू टाळावी, असाच सल्ला दिला जातो. पार्टीसाठी गोळी आपल्या मनाने बुडवणं हा त्यावरचा उपाय नाही. गोळी नसताना उतावीळपणा वाढून पिणंही वाढू शकतं. आपण पितो हे डॉक्टरांना सरळ सांगावं. वेळ किंवा औषध बदलायचं का, ते ठरवतील. तरीही कोणी प्यायलाच, तर ‘कसं वाटतंय’ यावर भरवसा न ठेवता मापाने पेग मोजावेत आणि गाडीला हात लावू नये.

छातीत दुखणं, ठोके चुकल्यासारखे वाटणं, धाप लागणं, भोवळ येणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठावं. हलवूनही माणूस उठत नसेल किंवा श्वास फार संथ, अडखळत चालला असेल, तर त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि १०८ ला फोन करा. तिथल्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि ती घेतल्याची वेळ नक्की सांगा. तोंडाला दारूचा वास येत असला की गोळीबद्दल विचारायचं राहून जाऊ शकतं.