कामाच्या ठिकाणी आरोग्य तपासणी शिबिर: नाव देण्याआधी काय पाहाल?

सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावरच्या दुकानात किंवा टिळक रस्त्यावरच्या एखाद्या ऑफिसात तुम्ही काम करता आणि फलकावर सूचना लागते: ‘शनिवारी सकाळी मोफत आरोग्य तपासणी. सहभाग ऐच्छिक.’ नाव देण्यापूर्वी पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

वेळ

उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर किमान आठ तास पोटात काही नको. दुकान बंद करून घरी जेवायला साडेदहा होत असतील, तर सकाळी साडेसहानंतर रक्त देता येते. पाणी चालते, ‘अर्धा कप चहा’ मात्र चालत नाही, कारण त्यात दूध आणि साखर असते. मधुमेहाची गोळी रक्त देऊन, नाश्त्याच्या वेळी घ्या. रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे पाण्याबरोबर घ्या.

तपासण्या

अशा शिबिरात साधारणपणे वजन, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन पाहतात. समजा, तुम्ही जिना चढून आलात आणि लगेच मोजलेला रक्तदाब १५०/९४ भरला. घाबरू नका. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा आणि पुन्हा मोजायला सांगा. तरीही १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांकडे तपासून घ्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल आणि काही त्रास नसेल, तर एकाच तपासणीवर मधुमेह ठरत नाही; ती पुन्हा करावी लागते. त्यामुळे शिबिराच्या कागदावरून गोळ्या सुरू करू नका. पण कागद कपाटातही ठेवून देऊ नका.

गोपनीयता

रिपोर्ट कोणाच्या हातात जाणार, हे आधी विचारा. बऱ्याचदा प्रयोगशाळा सगळे रिपोर्ट एकत्र करून आयोजकाला पाठवते आणि ते ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर फिरतात. तुमचा रिपोर्ट बंद पाकिटात किंवा थेट तुमच्या मोबाइलवर मिळावा, असे फॉर्मवरच लिहा.

‘मालकांना फक्त आकडे देऊ, नावे नाही’ असे सांगितले जाते. दोनशे जणांच्या कंपनीत ते पुरेसे आहे. पण आठ जणांच्या दुकानात ‘एकाला साखर निघाली’ एवढे म्हटले तरी तो कोण, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. अशा ठिकाणी आकडेही देऊ नयेत. शिबिर झाले, एवढे सांगणे पुरे.

फॉर्मवर प्रत्येक तपासणीचे नाव लिहिलेले असावे. ‘रक्ताच्या सर्व तपासण्यांना संमती’ अशा ओळीवर सही करू नका. एचआयव्ही तपासणीसाठी तर २०१७ च्या कायद्यानुसार माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक आहे.

एखादी तपासणी नको असेल तर तेवढीच नाकारता येते. कारण सांगायची गरज नाही. तीच तपासणी तुम्ही स्वतःच्या डॉक्टरांकडे करून घेऊ शकता.