पाचशेच्या रांगेत तुमचा नंबर कितवा?

बोलायला सुरुवात करण्याआधीच इथं तिघाचौघांनी मला एकच गोष्ट सांगितली. चिकलठाण्यात पाळी करून, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर शेअर बघणारी मंडळी आहेत ही. त्यांचं म्हणणं असं की, "आमचा स्टॉपलॉस लागतो आणि तो लागल्यावरच भाव माघारी फिरतो. कुणीतरी वरून बघत असणार." मुकुंदवाडीतच नाही, सगळीकडं हीच तक्रार असते. आज आपण तीच उलगडू या, कारण गोल आकड्यांचं सगळं गणित तिच्यात येतं.

आधी साधी गोष्ट. इथं एखाद्या प्लॉटचा भाव विचारा. कुणी 'चौदा लाख त्र्याहत्तर हजार' म्हणत नाही, 'पंधरा' म्हणतो. शेअरचंही तसंच आहे. चारशे साठला घेतलेला शेअर कधी विकणार, तर 'पाचशेला'. हा पाचशे कंपनीच्या नफ्यातून आलेला नाही, ताळेबंदातून आलेला नाही. पुरावा पाहिजे? कंपनीनं एकास एक बोनस दिला की हजाराचा शेअर पाचशेच्या आसपास येतो. कंपनी तीच, कारखाना तोच. पण काल जे लोक हजारावर अडून बसले होते, ते आज पाचशेवर अडून बसतात. भिंत सरकली, कारण ती डोक्यातच होती.

पण डोक्यातली गोष्ट भावाला प्रत्यक्षात कशी अडवते? त्यासाठी ऑर्डरची रांग समजली पाहिजे. एक्स्चेंजवर सौदा जुळवायचे नियम दोन. आधी किंमत बघतात: जो कमी भावात विकायला तयार, तो पुढं. किंमत सारखी असेल तर वेळ बघतात: ज्याची ऑर्डर आधी आली, तो पुढं.

आता आकडे घेऊ. समजण्यापुरतेच आहेत, कुठल्या खऱ्या शेअरचे नाहीत. भाव 498 चालू आहे. 499.90 ला विकायला 1,200 शेअर आहेत, 499.95 ला 900, आणि 500 ला 38,000. पुढं 500.05 ला परत 700 च. या अडतीस हजारांत तुमचे पन्नास आहेत, तेही बऱ्यापैकी मागं. खरेदीदार येतात, 499.90 चे घेतात, 499.95 चे घेतात, पाचशेचे दहा-बारा हजार खातात आणि थकतात. भाव 499.40 ला येतो, मग 497 ला. तुम्ही संध्याकाळी चार्ट बघता, त्यात उच्चांक 500 दिसतो आणि तुमचा शेअर विकलेला नसतो! तुम्ही म्हणता ब्रोकरनं गडबड केली. गडबड नाही, तुमचा नंबर आला नाही. आणि साधी ऑर्डर दिवसापुरतीच असते. ती संध्याकाळी रद्द होते, दुसऱ्या दिवशी सकाळी रांग नव्यानं लागते.

काही लोक ही रांग ओळखून असतात. ते 499.60 ला विकून मोकळे होतात. म्हणून बऱ्याचदा भाव गोल आकड्याला शिवतही नाही, अलीकडूनच वळतो.

हा झाला नफा घेणाऱ्यांचा भाग. आता स्टॉपलॉसकडं या. भाव 512 आहे, तुम्हाला वाटतं पाचशे तुटणार नाही. मग स्टॉपलॉस कुठं लावाल? पाचशेच्या वर लावायला मन धजत नाही, म्हणून 499.50, नाहीतर 499. बाकीच्यांनीही असाच विचार केलेला असतो. म्हणजे पाचशेवर खरेदीच्या ऑर्डरी आणि लगेच खाली विक्रीचे स्टॉपलॉस, अशी मांडणी आपोआप होते. त्यातला फरक लक्षात घ्या. खरेदीच्या ऑर्डरी स्क्रीनवर दिसतात. स्टॉपलॉस मात्र ट्रिगर लागेपर्यंत वेगळे ठेवलेले असतात, ते खरेदी-विक्रीच्या पाच ओळींत दिसत नाहीत.

पाचशेची खरेदी संपली की भाव 499.50 ला येतो. तिथले स्टॉपलॉस जागे होतात, म्हणजे नवी विक्री येते. त्या विक्रीनं भाव 499 ला जातो, तिथले जागे होतात. मग 498. भाव घसरत नाही, गडगडतो. 496 ला नाइलाजानं विकणारं कुणी उरत नाही आणि भाव परत 501 ला येतो. बातमी काहीच नव्हती. कुणी तुमच्याकडं बघत नव्हतं, तुम्ही गर्दीत उभे होता. (गर्दी कुठं आहे हे जाणणारे मोठे व्यापारी बाजारात असतात, ते नाकारत नाही. पण त्यांना तुमचं नाव लागत नाही, आकडाच पुरतो.)

हे नुसतं माझं म्हणणं नाही. कॅरल ऑस्लर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या बँकेकडच्या परकीय चलनाच्या साडेनऊ हजारांहून जास्त ऑर्डरी तपासल्या. तो अभ्यास 2003 साली छापून आला. त्यांना हेच दिसलं: नफा घ्यायच्या ऑर्डरी नेमक्या गोल आकड्यावर साचतात, आणि स्टॉपलॉस त्या आकड्याच्या जरा पलीकडं. म्हणून भाव गोल आकड्याशी वळतो जास्त वेळा, पण एकदा ओलांडला की जोरात पळतो.

मग करायचं काय? विकायचं असेल तर अलीकडं या, चाळीस-पन्नास पैशांचा लोभ सोडा. स्टॉपलॉस गर्दीच्या बराच खाली, समजा 493 ला ठेवा. पण तसं केलं तर शेअरची संख्या कमी करा. 512 ला घेऊन 499 चा स्टॉपलॉस म्हणजे शेअरमागं तेरा रुपयांची जोखीम, 493 चा म्हणजे एकोणीस. शंभर शेअरला जेवढा तोटा सोसणार होता, तेवढ्यातच आता अडुसष्ट येतात. हा हिशेब न करता नुसता स्टॉपलॉस खाली सरकवणं म्हणजे मोठा खड्डा खणणं.

(श्रोत्यांतून प्रश्न: निफ्टी तर कुणी विकत घेत नाही, मग ती गोल आकड्यावर का अडते?)

बरोबर पकडलंत. निर्देशांकाला स्वतःची ऑर्डरची रांग नाही. पण त्याच्यावर फ्युचर्स आहेत, ऑप्शन्स आहेत, आणि ऑप्शनचे स्ट्राइक मुळातच गोल आकड्यांवर असतात. 2023 चं उदाहरण घ्या. 20 जुलैला निफ्टी 19,991.85 पर्यंत गेली. वीस हजाराला साडेआठ पॉइंटसुद्धा उरले नव्हते. बंद झाली 19,979.15 ला. तो गुरुवार होता, म्हणजे तेव्हाच्या पद्धतीनं साप्ताहिक एक्स्पायरी. ज्यांनी वीस हजाराचा कॉल विकला होता, त्यांचा प्रीमियम पूर्ण खिशात राहिला. आता या विक्रेत्यांनीच निफ्टी अडवली, असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. एवढंच खरं की त्या आकड्याशी पुष्कळ लोकांचा पैसा बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी निफ्टी 234 पॉइंट पडून 19,745 ला आली. ते मात्र गोल आकड्याचं काम नव्हतं. आदल्या संध्याकाळी इन्फोसिसनं वाढीचा अंदाज कमी केला होता आणि तो शेअर आठ टक्क्यांच्या आसपास पडला. अशी बातमी आली की रांगाबिंगा सगळ्या वाहून जातात. 11 सप्टेंबरला निफ्टीनं वीस हजाराला पहिल्यांदा हात लावला, पण बंद 19,996.35. बाराला परत वर गेली, बंद 19,993.20. तेराला कुठं 20,070 ला बंद झाली.

(प्रश्न: म्हणजे तिथून पळाली?)

नाही ना. नियमानं पळायला हवी होती. दोन दिवसांत 20,192 ला बंद झाली, तिथून उतरली आणि ऑक्टोबर अखेरीस एकोणीस हजाराच्याही खाली गेली. वीस हजाराच्या वर ती टिकून पुढं गेली नोव्हेंबरच्या शेवटी. रांग संपली म्हणून विकणारे संपले, असं होत नाही. पाचशेच्या पलीकडं सहाशेची रांग असते, आणि एकवीस हजाराच्या नादात वीसला घेतलेला माणूस साडेएकोणीसला घाबरून विकतो.