पट्टा जागेवर, पत्ता चालता

मागच्या भागात आपण यूव्ही निर्देशांक पाहिले. मेशवरच्या प्रत्येक बिंदूला टेक्स्चरमधला एक पत्ता दिलेला असतो आणि पिक्सेल रंगवताना शेडर त्या पत्त्यावरून रंग उचलतो. आज हा पत्ता दर फ्रेमला थोडाथोडा सरकवायचा आहे. उदाहरणाला कारखान्यातला कन्व्हेयर बेल्ट घेऊ, कारण पाण्यात खपून जाणाऱ्या चुका बेल्टवर लगेच उघड्या पडतात.

बेल्ट म्हणजे एक सपाट, लांबट चौकोन. टेक्स्चरचा रॅप मोड `Repeat` ठेवायचा, म्हणजे पत्ता १च्या पुढे गेला की चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शेडरमध्ये काम एवढंच:

```glsl
vec2 uv = vUv;
uv.y -= uOffset;
color = texture(uBelt, uv);
```

बेरीज न करता वजाबाकी केली आहे, ती मुद्दाम. बेरीज केली तर प्रत्येक पिक्सेल पुढच्या जागेवरचा रंग उचलतो, म्हणजे पुढचं चित्र मागे येतं आणि पट्टा उलटा धावतो. खर्च म्हणाल तर एका वजाबाकीचा. ती व्हर्टेक्स शेडरमध्ये केली, तर चौकोनाच्या चार कोपऱ्यांसाठी फ्रेममागे चारच वजाबाक्या होतात.

खरी गंमत वेगात आहे. `uOffset` मीटरमध्ये नसतो, तो टेक्स्चरच्या आवृत्त्यांमध्ये असतो. समजा, बेल्ट ६ मीटर लांब आहे आणि त्यावर टेक्स्चर ३ वेळा बसलं आहे. एक आवृत्ती झाली २ मीटरची. वरची खोकी सेकंदाला १.५ मीटर जात असतील, तर ऑफसेट सेकंदाला १.५ ÷ २ म्हणजे ०.७५ने वाढला पाहिजे. उद्या कुणी बेल्ट ओढून ९ मीटर केला आणि आवृत्त्या तीनच ठेवल्या, तर चित्र सेकंदाला २.२५ मीटर धावू लागतं आणि खोकी पट्ट्यावरून मागे घसरल्यासारखी दिसतात. शेडरला कुणी हातही लावलेला नसतो!

बेल्टवर जी चूक ठरते, तीच धबधब्यात कामी येते. पाणी कोसळताना वेग घेतं. त्यासाठी शेडरमध्ये काही लिहायला नको. मेशचे यूव्ही पसरताना कड्याशी एक आवृत्ती १ मीटरात बसवा आणि तळाशी ३ मीटरांवर ताणा. ऑफसेट सगळीकडे तोच, पण तळाचं पाणी तिप्पट वेगाने पडतं. फेसाच्या रेघाही खाली लांबतात, आणि पडत्या पाण्याला त्या शोभतात. तळ्याचं मात्र वेगळं. तिथे एकच थर सरकवला तर कुणी सतरंजी ओढतंय असं वाटतं. म्हणून लाटांचे दोन थर घेतात, दोघांची दिशा, वेग आणि आकार वेगळे ठेवतात आणि त्यांची बेरीज करतात. खडकाला वळसा घालणारा प्रवाह मात्र यातून मिळत नाही, कारण एका थरातले सगळे पिक्सेल एकाच दिशेने सरकतात.

आता घड्याळाकडे वळू. बरेच जण शेडरमध्ये सरळ वेळ गुणिले वेग असं लिहितात. सुरुवातीला सगळं छान चालतं. पण मोबाइलवर हा पत्ता सोळा बिटांच्या आकड्यात ठेवला असेल, तर तो ६४च्या पुढे गेल्यावर एक सोळांशाहून बारीक पाऊल टाकूच शकत नाही. आपला बेल्ट ६४ आवृत्त्या दीड मिनिटाच्या आतच पार करतो. मग चित्राचे जाड तुकडे पडतात आणि पट्टा साडेबारा सेंटिमीटरचे झटके घेत चालतो. १०२४च्या पुढे पाऊल पूर्ण एका आवृत्तीचं होतं, म्हणजे हालचाल दिसेनाशीच होते.

उपाय जुना आहे. १९९९च्या क्वेक थ्री अरीनामध्ये `tcMod scroll` नावाची सोय होती. तिचा कोड २००५मध्ये खुला झाला. त्यात सरकवण्याच्या आकड्यातून पूर्णांक वजा करून फक्त अपूर्णांक वापरलेला दिसतो. आपणही ऑफसेट सीपीयूवर दुहेरी अचूकतेत मोजावा आणि त्याचा अपूर्णांक तेवढा शेडरला द्यावा. पूर्ण आवृत्ती वजा केल्याने चित्रात काहीच बदलत नाही.

हाच अपूर्णांक पिक्सेल शेडरमध्ये `fract(uv)` लिहून काढायचा मोह होतो. तो टाळा. टेक्स्चरची कोणती लहान प्रत, म्हणजे कोणता मिपमॅप, वापरायचा हे जीपीयू शेजारच्या पिक्सेलांच्या पत्त्यांतल्या फरकावरून ठरवतो. `fract`मुळे सांध्यावर एका पिक्सेलचा पत्ता ०.९९ आणि शेजारचा ०.०० होतो. जीपीयूला वाटतं, अख्खं टेक्स्चर एका पिक्सेलात मावलं आहे, आणि तो सर्वांत लहान प्रत उचलतो. पट्ट्यावर आडवी, मळकट रंगाची बारीक रेघ उमटते आणि चित्राबरोबर पुढे सरकत राहते. मिपमॅप बंद केल्यावर रेघ गेली, तर कारण हेच.