एकादशी आणि रोजा : वर्गातला संवाद

दोन धर्मांच्या उपवासांवरचा वर्गातला संवाद लिहिताना पात्रांना धर्माचे प्रवक्ते न करता आपापल्या घरचे बोलू द्यावे. 'आमच्यात असंच असतं' यापेक्षा 'आमच्या घरी' हे शब्द अचूक ठरतात, कारण एकाच धर्मात घरोघरी रीत बदलते. उदाहरणार्थ :

मीरा : एकादशीला आमची आजी भात-पोळी खात नाही, साबुदाण्याची खिचडी, रताळी चालतात. उपास ती द्वादशीला सोडते.

सलीम : रमजानमध्ये अम्मी पहाटे सेहरी करते. मग सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही. इफ्तार बहुतेकदा खजुराने.

मीरा : आजारी पडल्या तर?

सलीम : तेव्हा सूट असते. बऱ्या झाल्या की राहिलेले रोजे नंतर धरतात. तुझ्या आजीचं?

मीरा : डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती फक्त आषाढी-कार्तिकी करते.

इथे प्रश्नातून नियम आणि त्याची सवलत दोन्ही उलगडतात. 'कुणाचा उपवास कडक?' असा प्रश्न आला की संवादाची स्पर्धा होते. तो 'उपवास कसा सोडतात?' असा बदलावा. भूमिका मुलांच्या धर्मावरून न देता चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. प्रत्यक्ष उपवास किंवा पूजा-प्रार्थनेचा अभिनय मात्र टाळावा.